समाचाराला जायचं, फोन करायचा की मेसेज पुरे? आणि गेल्यावर किती वेळ बसायचं?

निधनाची बातमी आता बहुतेक वेळा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच कळते. कुणीतरी लिहितं, 'अमक्याचे वडील गेले', आणि पाच मिनिटांत खाली हात जोडलेल्यांची रांग लागते. आपणही हात जोडतो आणि मग खरा प्रश्न पडतो: एवढ्यावर भागलं का? फोन करावा का? की जाऊनच यावं?

'जवळचे असतील तर जावं, लांबचे असतील तर मेसेज करावा' हे उत्तर सगळ्यांना माहीत असतं आणि ऐनवेळी ते कामाला येत नाही. माझ्या मते पाहायचं ते हे, की आपल्या येण्यामुळे त्या माणसाला काय करावं लागणार आहे. मेसेज आला तर त्याला काहीच करावं लागत नाही, हवा तेव्हा वाचता येतो. फोन आला तर आवाज सावरून बोलावं लागतं. आपण घरी गेलो तर उठून बसावं लागतं आणि कालपासून वीस वेळा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागतं. आता यातलं काय त्याला पेलेल, हे नात्याइतकंच दिवसावरही ठरतं. म्हणून आधी दिवस मोजायचे.

तेरा दिवसांचा हिशेब

हा लेख मुख्यतः तेरा दिवस पाळणाऱ्या मराठी हिंदू घरांपुरता आहे. बौद्ध घरांत जलदान विधी आणि पुण्यानुमोदन असतं, मुसलमान घरांत जियारत आणि चाळिसावा, ख्रिस्ती घरांत दफनाची प्रार्थना आणि पुढच्या मिसा. तिथले दिवस वेगळे. ते त्या घराच्या शेजाऱ्याला किंवा नातेवाइकाला विचारून घ्यावेत, अंदाजाने जाऊ नये.

पहिला दिवस अंत्यविधीचा. या दिवशी शोकात असलेल्या माणसाला फोन करायचा नाही. किती वाजता निघणार, घरून की हॉस्पिटलमधून, कुठली स्मशानभूमी, हे सगळं त्याच्या मेहुण्याला, चुलतभावाला किंवा शेजारच्यांना विचारायचं. अशा वेळी प्रत्येक घरात एक माणूस फोन सांभाळत असतो, तो शोधायचा. अंत्ययात्रेला जायचं तर नुसतं हजर राहायचं, सांत्वनाचं बोलायची ती वेळ नव्हे. घरात चूल पेटलेली नसते, त्यामुळे शेजारी असाल तर चहाचा थर्मास आणि संध्याकाळचा पिठलं-भाकरीचा डबा हाच समाचार.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी राख सावडणं असतं. शहरात ते चार-सहा घरच्या लोकांत उरकतं. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांत मात्र रक्षाविसर्जनाला अख्खं गाव आणि पाहुणे जमतात, तिथेच दोन शब्द बोलले जातात, आणि तिथे दिसलात की तुमचा समाचार झाला असं धरलं जातं. पुणे, नगर, नाशिकच्या बाजूला हीच जागा दशक्रिया विधीची. सकाळी घाटावर प्रवचन असतं, श्रद्धांजलीची भाषणं होतात, आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत लोक थांबतात. अशा ठिकाणी गेल्यावर पुन्हा घरी जाऊन बसायची गरज फक्त जवळच्यांना असते. बाकीच्यांनी मुलाला किंवा भावाला दिसेल असं उभं राहावं, नजरानजर झाली की पुरे.

चौथ्या ते नवव्या दिवसापर्यंतचा काळ घरी भेटायला जाण्याचा. दहाव्याची सकाळ घाटावर जाते. अकरा आणि बारा हे विधींचे दिवस, घरात गुरुजी, सामानाच्या याद्या, बाहेरगावचे पाहुणे. तेराव्याला निरोप असेल तर जेवायला जायचं, नसेल तर नाही. काही घरांत समाचाराचे वार पाळतात. कुठे कोणते, हे घरागणिक बदलतं, म्हणून निघण्यापूर्वी विचारायचा एकच प्रश्न: 'आज आलं तर चालेल ना?'

आणि तेराव्यानंतरचा पंधरवडा. याची आठवण कुणालाच राहत नाही. पाहुणे गेलेले असतात, सतरंज्या उचललेल्या असतात, आणि घरात दोन माणसं उरलेली असतात. मला विचाराल तर मध्यम ओळखीच्या माणसाने भेटीला जायचं ते याच काळात.

एक उदाहरण पुरं करून पाहू

समजा, तुम्ही पुण्यात नोकरी करता. ऑफिसातल्या सहकाऱ्याचे वडील साताऱ्यात मंगळवारी रात्री गेले. तो रात्रीच निघाला. मंगळवार पहिला दिवस धरला तर दहावा पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी येतो आणि तेरावा त्यानंतरच्या रविवारी. मधला रविवार हा सहावा दिवस.

ऑफिसात तीन प्रकारची माणसं आहेत. एक, रोज त्याच्यासोबत डबा खाणारा मित्र, जो साताऱ्याच्या घरी राहूनही आलेला आहे. दोन, साहेब. तीन, दुसऱ्या विभागातली ओळखीची बाई, जिच्याशी कामापुरतं बोलणं आहे.

मित्राने बुधवारी सकाळी अंत्यविधीला पोहोचता येत असेल तर जावंच. नाही जमलं, तर त्या दिवशी फक्त मेसेज: 'बातमी कळली. आज पोहोचू शकत नाही. शनिवारी येतो. उत्तर द्यायची गरज नाही.' शेवटचं वाक्य न विसरता लिहावं, ते वाचणाऱ्यावरचं एक काम कमी करतं. मग शुक्रवारी संध्याकाळी एक छोटा फोन, शनिवारी गेलं तर चालेल का एवढं विचारायला. रविवार का नको? कारण पुण्या-मुंबईचे सगळे रविवारीच येतात. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत गाड्या लागतात, पायऱ्यांवर चपलांचा ढीग पडतो, आणि घरच्यांना पाठ टेकायला मिळत नाही. शनिवारी चार वाजता गेलात तर तो तुमच्याशी दोन वाक्यं मनातली बोलू शकतो.

साहेबांनी पहिल्या दिवशी फोन करू नये. साहेबांचा फोन माणूस उचलतोच, आणि उचलला की 'हो सर, ठीक आहे सर' करत बसतो. त्यांनी मेसेज करावा आणि त्यात कामाचा मुद्दा स्वतः मिटवावा: 'रजेचं आणि हातातल्या कामाचं मी पाहतो, तेरावं झाल्याशिवाय त्याचा विचार करू नकोस.' शोकसंदेशाच्या चार छापील ओळींपेक्षा हा दिलासा मोठा. चौथ्या-पाचव्या दिवशी दोन मिनिटांचा फोन करावा आणि त्यात कधी येणार हे विचारू नये.

ओळखीच्या बाईंनी व्यक्तिशः मेसेज करावा, ग्रुपवरचे जोडलेले हात पुरत नाहीत. तो परत रुजू झाला की पहिल्या दिवशी त्याच्या टेबलापाशी जाऊन एक वाक्य बोलावं: 'बाबांचं कळलं, वाईट वाटलं.' मग थांबावं. तो बोलला तर ऐकावं, त्याने 'हो ना' म्हणून मान हलवली तर आपल्या जागेवर परतावं. ऑफिसमधल्या दहा जणांनी गाडी करून साताऱ्याला जाण्याची टूम निघते, तिच्यात केवळ सगळे निघाले म्हणून सामील होऊ नये. दहा जण एकदम बसले की घरात खुर्च्यांपासून पाण्याच्या पेल्यांपर्यंत धावपळ होते. प्रतिनिधी म्हणून तीन-चार जण गेले तरी ऑफिस येऊन गेलं असंच घरचे धरतात.

मेसेज लिहिताना

घरच्यांनी कळवल्याशिवाय आपण बातमी कुठल्याही ग्रुपवर टाकायची नाही आणि गेलेल्या माणसाचा फोटो स्टेटसला ठेवायचा नाही. परगावी असलेल्या मुलीला वडील गेल्याचं कुणाच्या तरी स्टेटसवरून कळतं, हे घडतं.

मेसेज तीन ओळींचा. पहिली, कळलं आणि वाईट वाटलं. दुसरी, गेलेल्या माणसाबद्दल स्वतःला माहीत असलेलं काहीतरी नेमकं: 'काका दर वेळी स्टँडपर्यंत सोडायला यायचे, ते आठवलं.' माहीत नसेल तर ही ओळ सोडून द्यावी, ओढूनताणून 'देवमाणूस होते' लिहू नये. तिसरी, तुम्ही करू शकता असं एक ठरावीक काम. 'काही लागलं तर सांग' असं लिहिलं की सांगण्याचं ओझं त्याच्यावरच पडतं, आणि कुणीच कधी सांगत नाही. त्याऐवजी 'मुलीला शाळेतून या आठवड्यात मी आणतो' किंवा 'फ्लॅटची किल्ली शेजारी असेल तर झाडांना पाणी घालून येते'. यावर 'हो' किंवा 'नको' म्हणणं सोपं असतं.

निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही, तर दुसरा मेसेज करायचा नाही.

फोन करताना

फोन हा मधला मार्ग वाटतो, पण चुकायला सर्वांत सोपा तोच. भेटीत गप्प बसता येतं, फोनवर नाही, आणि शांतता भरायला माणसं भलतंसलतं बोलतात.

सकाळी घरात विधी, अंघोळी आणि धावपळ असते. दुपारी एक ते चार ही पडायची वेळ, तेवढीच झोप त्यांना मिळते. साधारण साडेचार ते सात ही वेळ बरी. एकदाच रिंग करायची. उचलला नाही तर पुन्हा लावायचा नाही, 'फोन केला होता, सवडीने बोलू, उलट फोन करायची घाई नाही' असं लिहून ठेवायचं. दुसऱ्या कुणी उचलला तर 'त्याला द्या' असा आग्रह न धरता नाव आणि निरोप सांगायचा.

बोलणं दोन-तीन मिनिटांचं. 'कसं झालं?' हा प्रश्न विचारायचा नाही. त्याने त्या दिवसात हॉस्पिटलची सगळी हकिगत पन्नास जणांना सांगितलेली असते. तो आपणहून सांगू लागला तर पुरतं ऐकायचं, मधे 'दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं होतं का' असं काही काढायचं नाही, कारण तो प्रश्न त्याला रात्री आधीच छळत असतो. दीर्घ आजारानंतर गेलेल्या माणसाबद्दल 'सुटले बिचारे' हे घरच्यांनी म्हणायचं, आपण नाही. नव्वदीच्या आजींबद्दल 'पिकलं पान' हेही तसंच.

परदेशात असाल तर घड्याळ नीट पाहा. न्यू जर्सीत रात्री आठ वाजता मोकळे झालात की इकडे पहाट असते. उन्हाळ्यात तिथले सकाळचे आठ म्हणजे भारतातले संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. तीच वेळ धरावी. आणि व्हिडिओ कॉल न विचारता करू नये, रडून सुजलेला चेहरा कुणाला दाखवायचा हे त्या माणसाने ठरवावं. मात्र परदेशातून येऊच न शकलेला मुलगा किंवा मुलगी हेच शोकात असतील, तर गणित उलटं होतं. तिथे त्यांच्या घरी भेटायला कुणी येत नाही, तेरा दिवसांची गजबज नाही. त्यांच्या गावात राहणाऱ्या मराठी ओळखीच्यांनी त्याच दिवशी दारात जावं, सोबत वरण-भाताचा डबा घेऊन.

घरी गेल्यावर किती वेळ बसायचं

साधा नियम: ओळखीच्या माणसाने पंधरा-वीस मिनिटं, जवळच्या मित्राने किंवा नातेवाइकाने अर्धा-पाऊण तास. त्याहून जास्त थांबायचं तर हाताला काम हवं. भांडी घासणारी मावशी, बँकेची कागदपत्रं लावणारा भाचा, लहान मुलांना बागेत नेणारी शेजारीण, यांना घड्याळ लागू नाही. पाहुण्याला लागू आहे.

आत गेल्यावर चपला कडेला काढायच्या, फोन गाडीत किंवा खिशात आवाज बंद करून. सुतकात नमस्कार करायची रीत नाही, वाकायचं नाही. ज्याच्यासाठी आलात त्याच्याजवळ बसायचं, आणि गेलेल्या माणसाची पत्नी किंवा आई आतल्या खोलीत असेल तर त्यांना भेटावं का हे घरच्या बाईला विचारायचं. साताऱ्याच्या उदाहरणात हेच बहुतेक जण चुकवतात. सगळे मुलाला भेटून निघतात, कारण ओळख त्याची, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संसार ज्यांचा संपला त्या आतमध्ये भिंतीला टेकून बसलेल्या असतात. त्यांच्यासमोर दोन मिनिटं जाऊन बसा, 'मी अमक्याच्या ऑफिसातला' एवढं सांगा. बोलायला काही सुचलं नाही तरी चालतं.

चहाचं काय? जुन्या रीतीप्रमाणे सुतकाच्या घरी पाणीही घेत नाहीत, आजच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी ट्रे घेऊन येतंच. ट्रे समोर आला तर अर्धा कप घ्यावा, नाही घेत असाल तर हळूच हात हलवावा, कारणं सांगत बसू नये. पण 'काही नको' हे बसतानाच सांगितलं तर स्वयंपाकघरातली एक बाई मोकळी होते. बाहेरगावाहून आलेल्यांना 'एवढ्या लांबून आलात, जेवून जा' म्हटलं जातं. पुण्याहून साताऱ्याला अडीच तास आणि बसणं वीस मिनिटांचं, हे आपल्यालाही चमत्कारिक वाटतं आणि आपण रेंगाळतो. रेंगाळू नका. वाटेत हायवेला खाऊन घ्या आणि 'जेवून आलोय' असं खरंखुरं सांगा.

उठायची वेळ कशी ओळखायची? नुसती शांतता ही उठायची खूण नव्हे. समाचाराच्या घरात लोक गप्प बसतात, आणि ती दोन-तीन मिनिटं सोसता आली पाहिजेत. खुणा वेगळ्या असतात. नवे लोक दारात आले की आधीच्यांनी उठून जागा द्यायची, ही सर्वांत स्पष्ट. पाहुण्या-पाहुण्यांतच खंबाटकी घाटातल्या ट्रॅफिकवर चर्चा सुरू झाली की समजावं, आपलं इथलं काम संपलं आहे. घरचा माणूस फोन पाहू लागला, कुणी आतून हाक मारली, म्हातारं माणूस भिंतीला डोकं टेकून डोळे मिटू लागलं, तरी उठावं. उलट बाजूची खूणही ओळखता यावी: मित्राने तुमचा हात धरला आहे, किंवा तो वडिलांच्या जुन्या सायकलची गोष्ट सांगतो आहे, तर वीस मिनिटांचा नियम विसरायचा.

निघताना नेहमीसारखं 'येतो' म्हणत नाहीत आणि घरचेही 'पुन्हा या' म्हणत नाहीत. खांद्यावर हात ठेवून, मान हलवून बाहेर पडायचं. दारात उभं राहून दहा मिनिटं बोलणं हा आपल्याकडचा मोठा रोग, आतलं बसणं पंधरा मिनिटांचं आणि जिन्यातलं वीस.

अपघात, आत्महत्या किंवा लहान मूल गेलेलं असेल तर ओळख कितीही असली तरी थेट जाऊ नये. पहिल्या दिवशी दोन ओळींचा मेसेज, मग जवळच्या नातेवाइकाला विचारून जायचं, दहा मिनिटं बसायचं, कारणाविषयी एक अक्षर काढायचं नाही. काही घरं अशा वेळी दार बंद ठेवतात. ते ऐकायचं, आणि डबा वॉचमनकडे किंवा शेजारी ठेवून यायचं.

तेराव्यानंतर

साताऱ्याचा सहकारी आता पुण्याला परतला, आई तिथेच राहिल्या. मित्राने आणखी एक फेरी करायची ती आता, आईंसाठी, आणि ही भेट तासाभराची झाली तरी चालते, कारण घर मोकळं असतं. कामाचीही मदत आत्ता लागते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला असेल तर ती कळवण्याची जबाबदारी हॉस्पिटलची, घरी झाला असेल तर कुटुंबाची. दाखल्याच्या प्रती बँक, विमा, पेन्शन, घराची नोंद अशा सगळीकडे मागतात, म्हणून सुरुवातीलाच आठ-दहा काढून ठेवलेल्या बऱ्या. 'नगरपालिकेत मी जाऊन येऊ का?' असं या पंधरवड्यात विचारणारा माणूस लक्षात राहतो.

आणि बातमीच दोन-तीन महिन्यांनी कळली तर? तेव्हा मेसेज नको, फोनच करावा. 'मला आत्ता कळलं' एवढंच सांगावं, का कळलं नाही याचा खुलासा लांबवू नये, नाहीतर तोच आपली समजूत घालत बसतो. घरी जायचं तर आधी विचारून, साध्या दिवशी, सणावाराला नाही. यावेळी 'कसं झालं?' विचारलं तरी चालतं. आता त्याला सांगायचं असतं आणि विचारणारं कुणी उरलेलं नसतं.